फोनवरून पाहिलेला फोटो

नवऱ्याला घर आवर म्हटलं की तो कॉम्प्युटर आवरायला बसतो. त्यात जागचं हलावं लागत नाही आणि काम केल्याचं पुण्य मात्र पदरात पडतं. त्या रविवारी त्याने ते असंच पाडून घेतलं आणि रात्रीच्या जेवणाला मोठ्या फुशारकीने सांगितलं, की डिस्कवरची निम्मी जागा मोकळी झाली. त्या निम्म्या जागेत आत्याच्या फोटोचा स्कॅन होता, हे मला सोमवारी कळलं. मंगळवारी तो घेऊन मला संग्रहालयात जायचं होतं.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं, फाइलचं नाव नुसतं 'स्कॅन' होतं, त्यावरून त्याला काय स्वप्न पडणार होतं? ज्या पेनड्राइव्हवर फोटोच्या दुकानदाराने तो स्कॅन दिला होता, तो आता गाडीत गाणी वाजवत होता. दुकानदाराकडे विचारलं, तर तिथे चष्म्यांचं दुकान झालेलं. सगळीकडून दारं बंद झाल्यावर नवऱ्याने चहा करून आणला, आणि मी तो रागारागाने प्यायले.

फोटो आत्याकडे भिंतीवर सुखरूप होता. पण आत्या राहते इथून एका अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर, आणि तिच्याकडे फोन आहे तो वायरीचा. शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोटो काढून घे म्हणावं, तर पाण्याच्या टाकीवरून त्यांच्याशी तिचं वर्षभर बोलणं बंद. पोस्टाने पाठव म्हणायची तर सोयच नव्हती. मागे स्कॅनसाठी तो दुकानात दिला होता, तेव्हा आठवडाभर भिंत रिकामी राहिली आणि आत्याने अन्नपाणी गोड लागत नाही म्हणून मला रोज फोन केला. यापुढे तो घराबाहेर जाणार नाही, असं तिने तेव्हाच बजावलं होतं.

तर हा फोटो कशाचा? माझ्या आजीचा, म्हणजे आत्याच्या आईचा. दाराबाहेरच्या पायरीवर ती बसली आहे, शेजारी खुर्चीत तिच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, आणि आजी हसते आहे. तोंडावर हात नाही, मान खाली नाही, खदखदून हसते आहे. मी आजीला पाहिलेलं आहे. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, पण हसण्याच्या बाबतीत अगदी कद्रू. म्हणून आमच्या घरात या फोटोचं अप्रूप.

पणजी सगळ्यांना सांगायची, की हा फोटो आजोबांनी काढलेला. नवरा समोर उभा होता म्हणून ती अशी हसली. तो गेला आणि तिचं हसू त्याच्याबरोबर गेलं. आजोबा गेले तेव्हा आत्या दोन वर्षांचीही नव्हती, आणि माझे बाबा आठ-नऊ वर्षांचे. पुढे आत्या चार वर्षांची असताना तिला मोठा आजार झाला आणि तिचा डावा पाय आखूड राहिला. आजी दिवसभर लोकांचे कपडे शिवायची आणि उरलेल्या वेळात आत्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या खेपा घालायची. आत्याच्या डोक्यात याचं एक गणित कायमचं बसलं. आईचं अर्धं हसू वडील घेऊन गेले आणि उरलेलं आपल्या पायाने खाल्लं, असं ते गणित. ते ती कुणाला सांगायची नाही. मला सांगितलं ते बाबा गेल्यावर, आणि तेही भाजी निवडता निवडता.

सगळ्या नातेवाइकांचे जुने फोटो गोळा करून मी एक अल्बम छापून घेणार होते, आणि प्रत्येक फोटोखाली साल घालायचं होतं. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, साल कशाला, एवढंच विचार की हा फोटो वडील गेल्याच्या आधीचा की नंतरचा. मी म्हटलं, आधीचाच, पणजी सांगायची ना. ती म्हणाली, "तुझी पणजी सांगायची म्हणूनच विचारतेय. एकदा कुणीतरी परक्याने सांगितलं, की मग मीही विचार करायचं सोडेन." ती हे अगदी सहज म्हणाली.

म्हणून संग्रहालय. तिथल्या छायाचित्र विभागात एक बाई महिन्यातून एकदा लोकांचे जुने फोटो बघतात आणि ते साधारण कधीचे असावेत ते सांगतात. माझा नंबर यायला तीन महिने लागले होते. आता तो सोडला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. मी ठरवलं, रिकाम्या हाताने जायचं. स्कॅन मी इतक्यांदा पाहिला होता, की डोळे मिटून सांगितला असता.

भिंगवाल्या बाई (त्यांच्या गळ्यात चष्म्यासारखं भिंग अडकवलेलं होतं, म्हणून माझ्या मनात त्यांचं हेच नाव पडलं) मोठ्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर पांढरा कागद, हातमोजे, एक दिवा. मी झाली ती हकिगत सांगितली. त्यांनी न रागावता विचारलं, की मग फोटोत काय आहे ते सांगा. मी सुरू झाले. माझी आजी हसते आहे, निळा झगा घातलाय—

"निळा? फोटो रंगीत आहे?"

नव्हता. नवऱ्याने हौसेने कॉम्प्युटरवर रंगवला होता तो, गेल्या वर्षी. मी ते कबूल केलं. बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं, की आठवणीतून फोटो सांगणारा माणूस फोटो सांगत नाही, आठवण सांगतो. कोण आहे, कुणी काढला, काय घडलं, हे त्यांना नको होतं. त्यांना वस्तू हवी होती. मूळ फोटो ज्यांच्याकडे आहे त्या फोनवर येतील का, असं त्यांनी विचारलं.

आत्या दुपारची झोपेत असते. पण फोन उचलला तिने. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. फोटो भिंतीवरून काढून खिडकीशी आण आणि पेपर वाचायचं भिंग घे, एवढं सांगितलं. पाच मिनिटं नुसती खुडबुड ऐकू आली.

बाईंनी तिला पद्धत समजावली. आधी कडा, पाठ आणि खराबी. मग मागचंपुढचं, म्हणजे घर, जमीन, वस्तू. मग कपडे. चेहरे सगळ्यात शेवटी. चेहऱ्यापासून सुरुवात केली की माणूस बाकी काही बघतच नाही. आणि दिसतं तेवढंच सांगायचं, माहीत आहे ते नाही.

"म्हणजे ही माझी आई आहे हेसुद्धा नाही?" आत्याने विचारलं.

"ते मला सगळ्यात शेवटी सांगा," बाई म्हणाल्या.

आत्याला हा खेळ आवडला असावा. तिने घसा साफ केला. फ्रेम लाकडी, एका कोपऱ्यात कसर लागलेली. काचेच्या आत पुठ्ठा, त्याला मध्ये खिडकी कापलेली, त्या खिडकीतून फोटो दिसतो. फोटो पिवळट. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून एक घडी पडलेली, तिच्यावर कागदाचा पापुद्रा उडालाय. तिरपं धरून बघा, बाईंनी सांगितलं. आत्याने तिरपं धरलं. काळ्या भागांवर कडेकडेने चंदेरी-निळी झाक येत होती, माशाच्या अंगासारखी. बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. तो चांदीच्या थराचा फोटो, त्यातली चांदी हवेने वर येते. त्याच्यावरून एवढंच कळतं, की तो खरा जुना काळा-पांढरा फोटो आहे आणि कुणी नंतर केलेली छापील नक्कल नव्हे.

फ्रेमची पाठ उघडता येईल का, असं त्यांनी विचारलं. मात्र फोटो काचेला चिकटलेला वाटला तर ओढायचा नाही, तसाच सोडायचा. मी आत्याला म्हटलं, जपून गं. तिने मला गप्प केलं. ती जन्मभर शिवणकाम करत आली आहे, बारीक खिळे काढायला तिला माझ्या सल्ल्याची गरज नव्हती. फोटो सुटा होता. त्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण चारही कोपऱ्यांना काळ्या जाड कागदाचे तुकडे चिकटलेले होते.

अल्बममधून उपटलाय, बाई म्हणाल्या, काळ्या पानांच्या. फ्रेम नंतरची.

मग त्यांनी कडेबद्दल विचारलं. पुठ्ठा बाजूला केला होता, तर कड कशी आहे? आत्याने सांगितलं, की पांढरी पट्टी आहे चारही बाजूंनी, आणि ती सरळ कापलेली नाही, पोस्टाच्या तिकिटासारखी कातरलेली, दातेरी. ही फॅशन होती, पंचवीस-तीस वर्षं चालली, असं बाईंनी मला हळूच सांगितलं. म्हणजे आजोबा जाण्याच्या आधीचीही बरीच वर्षं त्यात येत होती आणि नंतरचीही. मी म्हटलं, काही उपयोग नाही मग. त्या म्हणाल्या, अजून आपण दारातच आहोत.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "अगं, फोटो मोठाय."

म्हणजे काय, ते मला आधी कळेना. पुठ्ठ्याच्या खिडकीची जिथे कड होती, तिथे फोटोवर तपकिरी रेघ पडली होती. रेघेच्या आत फोटो पिवळा. रेघेच्या बाहेर, पुठ्ठ्याखाली, तो काळाभोर, कालच धुऊन काढल्यासारखा. आणि ही बाहेरची पट्टी खालच्या बाजूला चांगली चार बोटं होती. आम्ही सगळ्यांनी जन्मभर जो फोटो पाहिला होता तो अर्धवट होता. दुकानदाराने स्कॅनही फ्रेममधूनच केला होता.

माझ्या मनात लगेच कारस्थान शिजायला लागलं. कुणी लपवलं, का लपवलं? बाईंनी त्याच्यावर पाणी ओतलं. तयार फ्रेम आणली असेल, तिच्यातली खिडकी लहान असेल. शंभरातल्या नव्वद वेळा एवढंच असतं, म्हणाल्या. पण त्या आता पुढे सरकून बसल्या होत्या, हे मी पाहिलं.

आता पट्टीकडे नको, क्रमाने चला, असं त्यांनी आत्याला बजावलं. घर. पांढरा रंग दिलेली भिंत, दार उघडं, दोन पायऱ्या. दारावर विजेचा दिवा, त्याला पत्र्याची टोपी. उन्हाची तिरीप समोरून. खुर्ची वेताची, एका पायाला दोरी बांधलेली. दिव्यावरून काही निघतंय का म्हणून बाईंनी विचारलं, की घरात वीज कधी आली. आत्याला माहीत होतं. ती जन्मण्याच्या आदल्या वर्षी. चला, एक बाजू तरी पक्की झाली.

कपडे. खुर्चीतल्या बाईंचा झगा गडद, घोट्यापर्यंत, गळ्याशी बंद. मी उत्साहाने म्हटलं, की हा तर खूपच जुन्या पद्धतीचा. बाईंनी तो सरळ बाजूला टाकला. म्हाताऱ्या माणसांचे कपडे बघून तारीख काढायला गेलं की वीस-वीस वर्षं चुकतात. म्हातारं माणूस तरुणपणीच्या पद्धतीलाच चिकटून असतं. बघायचं ते फोटोतल्या सगळ्यात नव्या गोष्टीकडे. फोटो तिच्याहून जुना असू शकत नाही.

पायरीवरच्या बाईंचा झगा फुलाफुलांचा, कंबरेत चुण्या, बाही कोपरापर्यंत. आणि इथे आत्या थांबली. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या नजरेला जे दिसतं ते मला स्कॅनमध्ये कधी दिसलं नव्हतं. झग्याच्या खालच्या घेरावर, कडेपासून वर थोड्या अंतरावर, आडवी रेघ होती. तिच्या खालचं कापड जास्त गडद होतं. म्हणजे घेराची दुमड सोडून झगा लांब केलेला, आणि दुमडीत राहिलेलं कापड उन्हापाण्यात विटलेलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, की वरचा भाग असा विटायला किती दिवस लागतील. आत्या म्हणाली, दिवस नाही, वर्षं. रोजच्या वापरातला झगा, दोन-तीन वर्षं तरी. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणाली, की वडील असताना आई अशी दुमड सोडून झगा घालती का? तेव्हा घरात नवीन कापड येत होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईंनी मात्र बोट वर करून आम्हा दोघींनाही थांबवलं. काटकसर करणारे लोक सुखाच्या दिवसांतही दुमड सोडतात. यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता खालची पट्टी.

पट्टीत खालची पायरी होती. पायरीवर बसलेल्या बाईंची पावलं होती, अनवाणी. पावलांच्या अगदी शेजारी, त्याच पायरीवर, लहान मुलाच्या बुटांचा जोड काढून ठेवला होता. जमिनीवर, अगदी कडेला, काहीतरी सावली.

बूट कसे आहेत, बाईंनी विचारलं. नाडीचे, काळे. नवे की जुने? टाचा झिजलेल्या दिसतात का?

फोनवर फोटो उजेडाकडे फिरवल्याची सरसर ऐकू आली.

"एकाचा तळ जाड आहे," आत्या म्हणाली. "डावा. दोन बोटं जाड."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, कारण त्यांनीच आम्हाला काही सांगू दिलं नव्हतं. मला माहीत होता, आणि माझे डोळे भरून आले. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पुन्हा बोट वर केलं. आधी मोजू द्या, म्हणाल्या. त्यांनी आत्याला बूट आणि शेजारचं मोठं पाऊल यांची तुलना करायला लावली. दोन्ही एकाच पायरीवर, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणून ही तुलना चालते. निम्मा आहे का बूट? नाही, निम्म्यापेक्षा बराच मोठा. पाऊण? पाऊण होईल.

"मग मूल दोन वर्षांचं नाही," बाई म्हणाल्या. "पाचेक वर्षांचं धरा. वर्ष इकडे किंवा तिकडे. आता सांगा, बूट कुणाचे?"

"माझे," आत्या म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. आजोबा कधी गेले, आजार कधी झाला, असला बूट पहिल्यांदा कधी पायात आला. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि स्वच्छ शब्दांत निर्वाळा दिला. साल त्या सांगू शकत नव्हत्या. पण हा बूट त्या आजाराआधी अस्तित्वात असूच शकत नव्हता, म्हणून फोटो त्याच्या नंतरचा, म्हणजे वडील गेल्यावर किमान दोन वर्षांनी, बहुधा तीन. झग्याची दुमडही याच्या आड येत नव्हती, कडेची दातेरी पट्टीही नाही. घरात सांगतात ती गोष्ट मात्र आड येत होती, आणि दोन्हींतलं एक बदलायचं तर गोष्टच बदलावी लागेल.

खरं म्हणजे इथे उठायला हरकत नव्हती. बाहेर पुढचे लोक पिशव्या घेऊन बसले होते. पण बाईंची यादी संपली नव्हती. त्यांनी सावलीबद्दल विचारलं.

सावल्या दोन होत्या. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असला की असं होतं, त्याचीच सावली फोटोत येते. एक लांब, डोकं खाली घातलेलं आणि दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. पोटाशी धरायचा डब्याचा कॅमेरा असाच वरून वाकून बघतात, बाईंनी सांगितलं. मोठा माणूस की मुलगा? ते सावलीवरून कळत नाही, उन्हाप्रमाणे ती लांबते. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि दुसऱ्याच्या वस्तू मागून आणण्यात तरबेज होते. मला जे वाटायचं ते वाटलं, पण मी ते बोलले नाही. बाईंनी त्याला पुरावा मानलंच नसतं.

"आणि दुसरी?"

"दुसरी बुटकी. पहिलीच्या निम्म्याहून थोडी जास्त. शेजारीच. दोन्ही हात वर केलेत," आत्या म्हणाली. "झग्यासारखं काहीतरी फुगलंय. एक पाय उचललेला वाटतोय. नाचतेय की काय कोण जाणे."

बाई म्हणाल्या, "आता चेहरे. ज्या हसतायत त्या कुठे बघतायत?"

याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला आणि खाली. लाजली असेल, असं पणजी म्हणायची. नवऱ्याच्या डोळ्यांत बघवलं नसेल. मी ते सांगणारच होते. पण आत्या म्हणाली, थांबा, भिंग लावून बघते.

"बाजूला," आत्या अखेर म्हणाली. "खाली. ती बुटकी सावली ज्याची आहे, त्याच्याकडे." आणि मग तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे बघतेय गं ती. मला बघून हसतेय."

मी रडले. कुणासमोर रडायला मला आवडत नाही, पण रडले. बाईंनी टेबलाखालून कागदी रुमालांचा डबा काढून पुढे केला. तो तिथे नेहमी ठेवलेला असणार. आत्याला यातलं काही आठवतंय का, असं मी विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. पाचव्या वर्षातलं तिला आठवत होतं ते दवाखान्याचं बाक आणि आईच्या पाठीचा वास. बूट काढून ती कधी अंगणात नाचली असेल, आणि तेही हात वर करून, हे तिच्या हिशोबात कधी नव्हतंच.

नाक शिंकरून झाल्यावर ती पुन्हा नेहमीच्या आवाजात आली. बाईंचे आभार मानले, आणि हेही सांगितलं, की आधी चेहरे बघायचे नाहीत ही फारच चांगली युक्ती आहे, शेजाऱ्यांच्या बाबतीतही वापरून बघायला हवी. बाई मोठ्याने हसल्या. मी पिशवी उचलली. मग मला अल्बमची आठवण झाली. मी आत्याला विचारलं, की फोटोखाली काय घालू, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत असं घालता येईल.

"साल नको घालूस," आत्या म्हणाली. "तिथे लिही, मी पाच वर्षांची होते तेव्हा."